धागा: शेवटच्या वस्तीला पाणी का पुरत नाही? नववीच्या नागरिकशास्त्रासाठी समस्याधारित काम

चॉकपेटी
नववीच्या वर्गाला चार आठवडे पुरेल असं एक काम आखलं आहे. गावात नळयोजना आहे, टाकी आहे, पाणी दिवसाआड सुटतं. टाकीजवळच्या घरांचं पाणी नाल्यात वाहतं आणि शेवटच्या वस्तीत हंडा भरता भरता पाणी जातं. हे प्रत्येक पोराला माहीत आहे. म्हणून पहिल्या तासाला धडा नाही, फक्त एक पत्र द्यायचं: "पाणीपुरवठा समितीपुढे शेवटच्या वस्तीची तक्रार आली आहे. तक्रार खरी आहे का, कारण काय, आणि हा निर्णय कोणी घ्यायला हवा, ते पुराव्यानिशी सांगा." मग फळ्यावर तीन रकाने: काय माहीत आहे, काय शोधायचं आहे, ते कुठून कळेल.

मला अडतंय ते पुढे. मुलं दोन तासांत "मोटारी लावतात म्हणून" या उत्तरावर येऊन थांबतील आणि मग "पाणी वाचवा"ची भित्तिपत्रकं रंगवत बसतील. खऱ्या तपासापर्यंत न्यायचं कसं?

उतारवाट
पत्र चांगलं आहे. तिसरा प्रश्न, निर्णय कोणाचा, हाच तुमचा विषय आहे. पण तिथे पोचायचं तर कारणांचा निवाडा आधी व्हायला हवा, कारण कारण बदललं की दार बदलतं. टिल्लू पंपांमुळे पाणी कमी येत असेल तर तो ग्रामपंचायतीने बंदोबस्त करायचा विषय. व्हॉल्व्ह कमी वेळ उघडा राहत असेल तर समितीने वेळापत्रक बदलायचं, त्याला पैसाही लागत नाही. पाइपच लहान असेल किंवा वस्ती उंचावर असेल, तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. कारण न ठरवता निवेदन दिलं की ते चुकीच्या टेबलावर पडून राहतं.

आणि या तिन्हीतला फरक बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच यांनी कळतो. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

शेंदरी_पेन
नववीच्या राज्यशास्त्रात स्थानिक शासन आहे कुठे? ते सहावीत होऊन गेलं. मुख्याध्यापक पहिला प्रश्न हाच विचारतील.

चॉकपेटी
बरोबर, म्हणूनच सहावीचं पुस्तक परत काढायला लावणार आहे. "समितीत कोण असतं" हे मुलांना गरज पडल्यावर शोधावं लागेल. दहावीला घेतलं तर चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हानं या प्रकरणांना जोडता येतं, पण दहावीत चार आठवडे कोण देणार!

निळीशाई
छान उपक्रम. टीडीएस मीटर आणि पीएचच्या पट्ट्या घ्या. मुलं घरोघरी जाऊन पाणी तपासतील, आलेख काढतील. विज्ञान प्रदर्शनातही मांडता येईल.

उतारवाट
निळीशाई, प्रश्न पाणी किती मिळतं हा आहे, कसं आहे हा नाही. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू आहेत की नाही ते त्यावरून कळत नाही. पण आकडा स्क्रीनवर येतो, त्यामुळे मुलं त्यालाच शुद्धता समजतात आणि अहवालात "आमच्या गावाचं पाणी पिण्यायोग्य आहे" असं ठोकून देतात. गुणवत्तेचाच प्रश्न घ्यायचा झाला तर शेवटच्या नळाला क्लोरीन उरतं का, तेवढंच पाहावं. त्याची रंग बदलणारी साधी चाचणी असते आणि नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवं. तो वेगळा धागा.

आता मोजमाप.

बादली कोणतीही चालेल, पण तिच्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. काठोकाठ भरली तर ती छापल्यापेक्षा जास्त धरते. एक लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून जिथे पातळी येईल तिथे रंगाने रेघ मारा. सगळ्या गटांच्या बादल्या एकाच बाटलीने.

घरं टाकीजवळची सहा, मधली सहा, शेवटची सहा. नळ पूर्ण उघडा, घरातली दुसरी तोटी बंद, रेघेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. पाणी आल्यावर पहिली चार-पाच मिनिटं मोजू नका, पाइपमधली हवा बाहेर पडत असते आणि धार तुटक येते. त्यानंतर एकदा, मधे एकदा, आणि जायच्या थोडं आधी एकदा. पाणी कधी आलं आणि कधी गेलं याची वेळ मात्र प्रत्येक घरी हवीच. मुलं नेमकी तीच विसरतात, आणि तिच्याशिवाय बाकी सगळं वाया. मोजलेलं पाणी घरच्याच पिंपात ओतायचं.

ज्या घरी पाणी थेट जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथे रस्त्याकडच्या पहिल्या तोटीवर मोजा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळावर मोजलं तर तुम्ही त्या घराची टाकी मोजता, गावाची योजना नाही.

रानमोडी
एवढं कशाला? पाणी उताराने येतं. शेवटची वस्ती उंचावर असेल म्हणून कमी येतं. उंची मोबाइलवर दिसते. विषय संपला.

उतारवाट
अर्धं खरं आहे. उंचीचा परिणाम असतोच. पण सपाट गावातही शेवटच्या घराला धार बारीक असते, कारण लांब पाइपमधल्या घर्षणात दाब खर्च होतो आणि वाटेतली प्रत्येक जोडणी आपलं पाणी काढून घेते. शिवाय मोबाइलवरच्या उंचीत काही मीटरांची चूक सहज असते. गावातला सगळा उतारच तेवढा असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

कारण ओळखायचं ते असं. धार चांगली पण पाणी लवकर जातं, तर दोष वेळेचा. पाणी बराच वेळ राहतं पण धार बारीक, तर पाइप, उंची, गळती किंवा मोटारी. आता मोटारी वेगळ्या काढायच्या तर ज्या दिवशी पाणी सुटलेलं असताना वीज गेलेली असेल, त्या दिवशी त्याच घरांत पुन्हा मोजा. वीज नसताना शेवटची धार वाढली, तर वाढली तेवढा वाटा मोटारींचा. काहीच फरक पडला नाही, तर मोटारींवर खापर फोडू नका.

एक अट आहे. पाणी उंच टाकीतून उताराने येत असेल तरच ही तुलना चालते. विहिरीवरचा पंप थेट पाइपलाइनीत पाणी ढकलत असेल तर वीज गेल्यावर पाणीच बंद होईल.

चॉकपेटी
ही वीज जाण्याची युक्ती फार आवडली. पण वीज नेमकी त्या वेळेला जाईल याची खात्री काय?

उतारवाट
खात्री नाही. म्हणून चार आठवडे ठेवा आणि मोजणारी मुलं त्याच घरांतली असू द्या, म्हणजे संधी आली की कोणाला बोलवावं लागत नाही. पाणी पहाटे सुटत असेल तर दुसऱ्याच्या घरी जाऊन मोजणं तसंही शक्य नाही. चार आठवड्यांत वीज गेलीच नाही, तर अहवालात लिहायचं की मोटारींचा वाटा ठरवता आला नाही. असं लिहिणाऱ्या गटाला मी जास्त गुण देईन.

गणिताची_वही
हिशोब कसा मांडायचा तेही ठरवून द्या. मुलं इथे हमखास घसरतात. नमुन्यादाखल आकडे धरून दाखवते.

टाकीजवळचं घर अ-1: 10 लिटर 30 सेकंदांत, म्हणजे मिनिटाला 20 लिटर. पाणी 45 मिनिटं. एकूण 900 लिटर. माणसं पाच. इथे मुलं 900 भागिले 5 करून 180 लिहितील. पण पाणी दिवसाआड आहे, तेच दोन दिवस पुरवायचं आहे. म्हणून माणशी रोज 90 लिटर.

शेवटचं घर क-4: 10 लिटर 100 सेकंदांत, मिनिटाला 6. पाणी 15 मिनिटं उशिरा पोचतं, म्हणजे 30 मिनिटंच मिळतं. एकूण 180 लिटर. माणसं सहा, दिवस दोन. माणशी रोज 15 लिटर.

वीज गेलेल्या दिवशी क-4: 10 लिटर 60 सेकंदांत, मिनिटाला 10. पाणी 10 मिनिटं उशिरा, म्हणून 35 मिनिटं. एकूण 350, माणशी रोज साधारण 29.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. म्हणजे मोटारी पूर्ण बंद झाल्या तरी क-4 तिथे पोचत नाही. दोन दिवसांचे 660 लिटर हवेत, मिनिटाला 10 या धारेने 66 मिनिटं लागतात, पाणी पोचायची 10 धरून व्हॉल्व्ह 76 मिनिटं उघडा हवा. आता मुलांना "मोटारीच कारण" आणि "मोटारी कारणच नाहीत" ही दोन्ही उत्तरं सोडावी लागतात.

आणखी एक. सहा घरांची सरासरी काढू देऊ नका. शेवटच्या सहांत एका घरी मोटार असली तर सरासरी फुगते आणि बाकीच्या पाचांची तहान दिसेनाशी होते. सहाही आकडे कागदावर ठिपक्यांनी मांडा.

उतारवाट
सुंदर मांडलंत, मॅडम. यात एक पायरी वाढवा, सगळ्या कामाचा कणा तीच आहे. टाकीवर क्षमता बहुतेक रंगवलेली असते. समजा 1,00,000 लिटर, आणि नळावर अवलंबून 1200 माणसं. टाकी एका वेळेला पूर्ण रिकामी झाली असं धरलं तरी दोन दिवसांसाठी माणशी रोज 42 लिटरच्या आतच येतं. म्हणजे काटेकोर समान वाटप केलं तरी 55 होत नाही!

इथे वर्गात दोन गट पडतात, पडू द्या. एक म्हणेल आधी वाटप नीट करा, 15 चे 40 तरी होतील. दुसरा म्हणेल टाकीच रोज भरा. पहिली मागणी समितीच्या हातात आहे. दुसरीला विहिरीत पाणी हवं, पंपाचं वीजबिल भरायला पाणीपट्टी वसूल व्हायला हवी. मग "पाणीपट्टी किती घरं भरतात" हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात आणि चर्चा थेट करापर्यंत जाते.

फक्त पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, टाकी खरंच पूर्ण भरते का, आणि पाणी सोडलेलं असताना मागून पंप चालू असतो का. चालू असेल तर वरचा हिशोब कमी दाखवतो.

कायदेकानू
सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. शेवटच्या वस्तीला पाणी कमी का मिळतं, याचं उत्तर द्यायला ते कायद्याने बांधील आहेत.

तहसीलमार्ग
इथे घाई होतेय. 2005 च्या कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते. "का" याचं स्पष्टीकरण तयार करून देणं त्यात येत नाही, आणि असे अर्ज तेवढ्याच कारणावरून परत येतात. प्रश्न असा लिहावा लागतो: "मागील तीन महिन्यांचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक व त्याची नोंदवही, नळयोजनेचा नकाशा, आणि त्याच काळातली पाणीपुरवठा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं यांच्या प्रती." "का"चा प्रश्न कागदाच्या मागणीत बदलणं हा एका तासाचा उत्तम स्वाध्याय आहे.

दुसरं, उत्तराची मुदत 30 दिवसांची. तुमचं काम चार आठवड्यांचं. पहिल्या आठवड्यात अर्ज गेला तरी उत्तर येईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर असेल. आधी मुख्याध्यापकांच्या सहीचं साधं पत्र घेऊन ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, जा आणि कागद तिथेच पाहू द्या म्हणावं. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. नोंदवही मुळात ठेवलेलीच नसेल तर तोही निष्कर्षच. अर्ज करायचाच तर शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या नावाने करावा, मुलांच्या वयावरून वाद नको.

कायदेकानू
"का"चं मान्य. पण साध्या पत्राला कोणी उत्तर देत नाही हो. अर्जाचा धाक लागतोच.

तहसीलमार्ग
धाकाने कागद मिळतो, पण व्हॉल्व्ह सोडणारा माणूस बोलायचा बंद होतो. आणि व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कोणत्या गल्लीला आधी, हे कागदावर कुठेच नसतं. ते त्याच्याकडूनच कळतं. मुलाखत आधी, अर्ज नंतर.

घंटागाडी
आमची शाळा शहरात आहे, पाण्याचा त्रास नाही. कचऱ्याचा आहे. ओला-सुका वेगळा दिला तरी गाडीत एक होतो. हेच काम कचऱ्यावर चालेल का? ग्रामसभेऐवजी काय?

उतारवाट
सांगाडा तोच. फक्त धार मोजायच्या जागी "मिसळतो कुठे" ते शोधायचं: घरात, गाडीत, की गाडी रिकामी होते तिथे. घरातच मिसळत असेल तर विषय रहिवाशांचा, गाडीत कप्पेच नसतील तर ठेक्याच्या अटींचा, पुढे मिसळत असेल तर घनकचरा विभागाचा. एकाच गल्लीतल्या वीस घरांचे डबे गाडीशी पोचायच्या आधी नुसते उघडून पाहिले तरी पहिला टप्पा कळतो. मुलांनी कचऱ्यात हात घालायचा नाही. तपशिलासाठी वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल. (कचऱ्यासारखीच!)

शेंदरी_पेन
कोणी बोलत नाहीये ते मी विचारते. अठरा घरं मोजली की कोणाकडे मोटार आहे ते कळणार. त्यातलं एक घर समिती सदस्याचं निघालं, आणि त्याचीच मुलगी वर्गात असली, तर? शिवाय शेवटची वस्ती बहुधा कोणत्या समाजाची असते हेही आपल्याला माहीत आहे. नकाशा भिंतीवर लागला की गावभर होईल.

चॉकपेटी
घरांना अ-1, क-4 असे संकेतच द्यायचे आणि यादी माझ्याकडे ठेवायची, असं ठरवलं होतं.

शेंदरी_पेन
छोट्या गावात क-4 म्हणजे कोण, हे संकेताने लपत नाही. घराची जागा नकाशावर दाखवू नका, फक्त तीन पट्टे दाखवा. आणि "मोटार आहे का" हा प्रश्न घरोघरी विचारूच नका. वीज नसतानाच्या मोजणीतून परिणाम कळतो, नाव कळायची गरज नाही.

उतारवाट
याच्याशी पूर्ण सहमत. वस्तीच्या जातीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तो प्रश्न मुलांनी काढला तर दाबू नये. पाइपलाइन कोणत्या क्रमाने टाकली, वस्ती जोडली कधी, हे योजनेच्या कागदात दिसतं. वर्गात तेवढ्या पुराव्यावर बोलता येतं.

शेंदरी_पेन
पुरावा असला तरी ओझं त्या वस्तीतल्या मुलांवर येतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. मी ते शिक्षकावर सोडेन, नियम करणार नाही.

रानमोडी
शेवट कसा करणार? मुलांना ग्रामसभेत उभं करा, दणकून टाळ्या मिळतील.

तहसीलमार्ग
टाळ्या मिळतील, ठराव मिळेलच असं नाही. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. नववीची मुलं सदस्य नाहीत, त्यांना मत नाही. त्यांचं म्हणणं विषयपत्रिकेवर यायचं तर मतदाराने मांडावं लागतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे आणि पाणी भरणाऱ्या बहुतेक त्याच. मुलांच्या आया तिथे हा विषय मांडू शकतात. आपल्या कागदाला अधिकार नसेल तर तो कोणाच्या हातून गेला पाहिजे, हे मुलांनी स्वतः शोधलं तर चांगलं.

गणिताची_वही
त्याआधी वर्गात सुनावणी घ्या. एक गट समिती, एक टाकीजवळची घरं, एक शेवटची वस्ती, एक पाणी सोडणारा कर्मचारी. शक्यतो ज्याचं घर जिथे आहे त्याच्या उलट बाजूची भूमिका द्या. टाकीजवळच्या गटाला आवर्जून सांगा की "आमची धार कमी केली तर वरच्या मजल्यावर चढणार नाही" असे खरे मुद्दे मांडायचे, नुसतं खलनायक व्हायचं नाही. समितीने शेवटी निर्णय लिहून द्यायचा: कोणता व्हॉल्व्ह किती मिनिटं, कोणाचं पाणी किती कमी होणार, पुन्हा मोजणी कधी. "सर्वांना समान पाणी द्यावे" असं लिहिलं तर परत पाठवा.

चॉकपेटी
गुणदानात तेच ठेवतो: पुरावा कारणाशी जुळतो का, मागणी योग्य दाराशी आहे का, आणि कोणाचं काय कमी होणार हे लिहिलंय का. सुबक अक्षर आणि मुखपृष्ठाला शून्य. महिला सभेचं मला सुचलंच नसतं. मोटारीची नावं विचारणार नाही, पण नकाशावर पट्टे की ठिपके, ते अजून ठरत नाहीये. ठिपके काढले की फरक दिसतो, पट्ट्यांत तो पुसट होतो.

गणिताची_वही
ठिपके नकाशावर नको, आलेखावर ठेवा. आडव्या अक्षावर टाकीपासूनचं अंतर 100 मीटरच्या टप्प्यांत, उभ्यावर माणशी लिटर. घराची जागा कळत नाही, उतार दिसतो.

शेंदरी_पेन
शेवटच्या 100 मीटरांत तीनच घरं असली तर?

गणिताची_वही
मग टप्पा 200 चा करा. तरीही तीनच असतील तर तो ठिपका काढायच्या आधी त्या तीन घरी विचारून या.